साठ आणि चाळीसची सरासरी अठ्ठेचाळीस कशी?

वाचकाचं पत्र

नमस्कार. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. एका इक्विटी म्युच्युअल फंडात मी दोनदा सहा-सहा हजार रुपये भरले. पहिल्या वेळी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ६० होती, दुसऱ्या वेळी बाजार पडल्यामुळे ४०. साठ आणि चाळीसची सरासरी पन्नास, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण विवरणपत्रात सरासरी खरेदी किंमत ४८.०० दाखवली आहे. एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘काकू, हीच तर एसआयपीची जादू! युनिटमागे दोन रुपये वाचले तुमचे. आता हप्ता दुप्पट करा.’ हे दोन रुपये नेमके आले कुठून? आणि हप्ता दुप्पट करू का? दोन वर्षांनी घराचं छत दुरुस्त करायचं आहे, ते पैसे सध्या बँकेत पडून आहेत.

— एक वाचक, मिरज

उत्तर

बाई, विवरणपत्रातला आकडा बरोबर आहे आणि तुमची पन्नासची बेरीज-भागाकारही बरोबर आहे. फक्त ती दोन उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. एजंटचं ‘दोन रुपये वाचले’ हे मात्र बरोबर नाही. त्यावर तुम्ही पुढचा निर्णय घेऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या पदरात काय पडलं ते पाहू. ६० च्या भावाने सहा हजारांचे १०० युनिट आले. ४० च्या भावाने तेवढ्याच सहा हजारांचे १५० युनिट आले. विवरणपत्रात अगदी १०० आणि १५० दिसणार नाहीत. पहिल्या ओळीत ९९.९९५ असेल आणि दुसरीत १४९.९९ च्या जवळपास. कारण १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं. सहा हजारांवर ते तीस पैसे होतं, म्हणजे युनिट मिळतात ते ५,९९९ रुपये ७० पैशांचे. सरासरीत त्याने पैशाचाही फरक दिसत नाही, म्हणून पुढे मी १०० आणि १५० असेच आकडे धरतो.

तर गेले बारा हजार, आले अडीचशे युनिट. १२,००० भागिले २५० म्हणजे ४८. सरासरी खरेदी किंमत म्हणजे एवढंच: एकूण किती रुपये दिले, भागिले एकूण किती नग मिळाले.

पन्नास का आली नाही? साठ अधिक चाळीस भागिले दोन करताना आपण दोन्ही भावांना सारखं वजन देतो. पण तुमच्याकडच्या २५० युनिटांपैकी ६० ने घेतलेले १०० आहेत आणि ४० ने घेतलेले १५०. पाचांतले तीन युनिट स्वस्त भावाचे आहेत, दोनच महाग भावाचे. मग सरासरी स्वस्ताकडे झुकणारच. आणि हा झुकाव नशिबाने आलेला नाही. रुपये ठरलेले असले की भाव उतरल्यावर नग आपोआप जास्त येतात आणि भाव चढल्यावर कमी. दोन भाव वेगळे असले की ही सरासरी साध्या सरासरीच्या खालीच येणार, मग आधी साठ येवो की चाळीस.

शाळेतलं वेगाचं गणित तुम्हाला आठवत असेल. १२० किलोमीटरवरच्या गावाला गाडी ताशी ६० ने गेली आणि ताशी ४० ने परत आली, तर सरासरी वेग किती? मुलं पन्नास म्हणतात, आणि उत्तर असतं ४८, कारण जायला दोन तास लागले आणि यायला तीन. गाडी ४० च्या वेगाने जास्त वेळ चालली. तुमचे सहा हजार रुपये म्हणजे ते १२० किलोमीटर, भाव म्हणजे वेग आणि युनिट म्हणजे तास. गणित तेच आहे, अक्षरशः. अशा सरासरीला हरात्मक मध्य म्हणतात.

आता फरक बरोबर दोनच रुपये का, तेही बघू, कारण त्यातूनच कळतं की हा फरक कधी मोठा असतो आणि कधी नगण्य. दोन्ही वेळा सहा हजारांऐवजी २,४०० रुपये भरले असं समजा. रक्कम दोन्ही वेळा सारखी असली म्हणजे झालं, सरासरी बदलत नाही. २,४०० का, तर ६० गुणिले ४० म्हणजे २,४००. साठच्या भावाने ४० युनिट येतात आणि चाळीसच्या भावाने ६०. मिळून शंभर. पैसे गेले दोनदा २,४००. म्हणजे सरासरी किंमत ही दोन भावांचा गुणाकार भागिले त्यांची साधी सरासरी एवढी येते: २,४०० भागिले ५०.

तो गुणाकार आता असा मांडा: साठ म्हणजे ५० अधिक १०, चाळीस म्हणजे ५० वजा १०. आठवी-नववीतलं सूत्र लावलं की (५० + १०)(५० − १०) = ५०² − १०². ह्याला ५० ने भागा. पन्नासमधून १०० भागिले ५०, म्हणजे दोन रुपये वजा होतात. कुठलेही दोन भाव घ्या, त्यांच्या मध्यापासून ते जेवढे लांब असतील त्याचा वर्ग भागिले तो मध्य, एवढं वजा होणार. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून ही सरासरी साध्या सरासरीच्या वर कधी जातच नाही. दोन्ही भाव एकच असले तर वजा शून्य होतं आणि दोन्ही सरासऱ्या जुळतात.

टक्क्यांत हे आणखी सोपं आहे. तुमचे दोन भाव मध्यापासून २० टक्के वर आणि २० टक्के खाली होते. ०.२० चा वर्ग ०.०४, म्हणून ४ टक्के फरक. ५० चे ४ टक्के म्हणजे दोन रुपये. भाव १० टक्के वर-खाली असते तर फरक १ टक्का आला असता. आणि एनएव्ही एका महिन्यात ५१ आणि पुढच्या महिन्यात ४९ असेल, जसं शांत बाजारात असतं, तर चढ-उतार २ टक्के आणि फरक ०.०४ टक्के. पन्नास रुपयांवर दोन पैसे. साधारण महिन्यांत ह्या गणिताचा परिणाम एवढाच असतो, आणि हे जाहिरातीतल्या तक्त्यांत दिसत नाही, कारण तिथे भाव बहुतेकदा खूप वर-खाली होणारे घेतलेले असतात.

तो मोठा कधी होतो, त्याचं खरं उदाहरण कोरोनाच्या वेळचं. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ च्या आसपास बंद झाला होता आणि २३ मार्चला ७,६१० च्या आसपास. समजा ह्या दोनच दिवशी कुणी निफ्टीवर सारखी रक्कम लावली. साधी सरासरी ९,९८६ येते आणि त्याची खरी सरासरी खरेदी ९,४२१. फरक ५६५ अंकांचा, साधारण ५.७ टक्के. पण तेवढा फरक दिसायला बाजार सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के कोसळावा लागला, आणि तो माणूस २३ मार्चला, आधीचे पैसे इतके बुडालेले डोळ्यांपुढे असताना, तेवढीच रक्कम पुन्हा भरायला तयार असावा लागला.

आता एजंटचं वाक्य. ‘दोन रुपये वाचले’ असं म्हणायला आधी सांगावं लागेल की कुणाच्या तुलनेत वाचले. पन्नासची सरासरी पडते कुणाला? जो दोन्ही वेळा सारखे रुपये न घालता सारखे युनिट घेतो त्याला. तुमच्या शेजारच्या बाईंनी दोन्ही वेळा शंभर-शंभर युनिट घेतले असं धरा. पहिल्या वेळी त्यांचे सहा हजार गेले, दुसऱ्या वेळी चार हजार. दोनशे युनिट, दहा हजार रुपये, सरासरी बरोबर ५०. त्यांची सरासरी तुमच्यापेक्षा दोन रुपयांनी जास्त आहे, म्हणजे त्या तोट्यात राहिल्या का?

दुसऱ्या खरेदीच्या दिवशीच दोघींचा हिशेब मांडू. भाव ४० आहे. तुमचे अडीचशे युनिट, किंमत दहा हजार. त्यांचे दोनशे युनिट, किंमत आठ हजार, आणि न वापरलेले दोन हजार रुपये त्यांच्या हातात आहेत. मिळून दहा हजार. दोघींनी बारा हजारांनी सुरुवात केली होती आणि दोघींकडे आज दहा हजारच आहेत. एक रुपयाचाही फरक नाही.

मग तुमची सरासरी कमी कशी? त्यांनी हातात ठेवलेल्या दोन हजारांचे तुम्ही चाळीसच्या भावाने आणखी ५० युनिट घेतले. पन्नासच्या सरासरीचे दोनशे युनिट, त्यात चाळीसचे पन्नास मिसळले, की सरासरी ४८ वर येते. पण त्या पन्नास युनिटांसाठी तुम्ही त्या दिवशीची पूर्ण किंमत मोजली. चाळीसची वस्तू चाळीसला घेतली. त्यात बचत नाही. पुढे भाव वर गेला तर त्या जास्तीच्या पन्नास युनिटांवर तुम्हाला जास्त फायदा होईल, आणखी खाली गेला तर जास्त तोटा होईल. सरासरी कमी झाली म्हणजे तुम्ही उतरलेल्या भावाला जास्त पैसे लावलेत, एवढीच माहिती ती देते.

आणि सरासरीवरून फायदा-तोटा कळत नाही, हे पाहायला तुमचे दोन भाव उलटे करून बघा. आधी ४० ला घेतले आणि नंतर ६० ला, तरी युनिट अडीचशेच आणि सरासरी ४८ च. पण आता शेवटचा भाव ६० आहे, म्हणून त्यांची किंमत १५,००० आणि तुम्ही तीन हजारांनी वर. तुमच्या बाबतीत शेवटचा भाव ४० आहे, म्हणून तुम्ही दोन हजारांनी खाली. सरासरी तीच, एकदा फायदा आणि एकदा तोटा. जिथे भाव चढत गेला तिथे तर सगळे बारा हजार पहिल्याच दिवशी भरणारा तुमच्या पुढे गेला असता: ४० ने तीनशे युनिट, ६० ला त्यांचे अठरा हजार. भाव पडत गेला तिथे मात्र त्याचे दोनशेच युनिट आणि आठ हजारच उरले असते. बाजार कुठे जाणार हे आधी माहीत नसतं, म्हणून हप्ते पाडणारा दोन्ही टोकांच्या मधे राहतो. पगारातून किंवा पेन्शनमधून दर महिन्याला थोडे उरतात त्याला तर एकरकमी हा पर्यायच नसतो. हप्त्याने भरायला ही कारणं पुरेशी आहेत, जादू लागत नाही.

४८ चा एक उपयोग मात्र खरा आहे. तो तुमचा बरोबरीचा भाव. एनएव्ही ४८ ला आली की बारा हजारांचे बारा हजार होतात, म्हणजे आजच्या ४० वरून भाव २० टक्के चढला की तुम्ही मुद्दलावर याल, तो परत ६० वर जायला हवा असं नाही. मात्र ह्यातही ‘पडला की वर येतोच’ असं गृहीत धरू नका. संबंध बाजाराचा निर्देशांक आणि एखादाच उद्योग धरून बसलेला फंड ह्यांत फार फरक असतो, आणि एखाद्या एकट्या कंपनीचा शेअर तर पडून तिथेच राहू शकतो. भाव पडतच गेला तर सरासरी खाली येत राहते आणि तोटा वाढत राहतो.

जिथे लोक खरोखर फसतात ती जागा वेगळीच आहे. हे सगळं गणित ‘दोन्ही वेळा सारखे रुपये’ ह्या एका अटीवर उभं आहे. बाजार वर असतो तेव्हा उत्साहात हप्ता वाढवला जातो आणि पडला की घाबरून बंद केला जातो किंवा कमी केला जातो. समजा तुम्ही ६० ला नऊ हजार भरले असते आणि ४० ला तीनच हजार. युनिट आले असते १५० आणि ७५, मिळून २२५. बारा हजार भागिले २२५ म्हणजे ५३ रुपये ३३ पैसे. तेच दोन भाव, तेच बारा हजार, आणि सरासरी पन्नासच्या वर. एसआयपी असं नाव असलं तरी रक्कम मधे बदलली की ‘सरासरी खालीच राहते’ हे विसरायचं.

संगणकावर ताळा करून बघायचा असेल तर एक्सेलमध्ये हरात्मक मध्याचं सूत्र तयार असतं:

```
=AVERAGE(60,40)
=HARMEAN(60,40)
=(6000+6000)/(6000/60+6000/40)
```

पहिलं ५० देईल, बाकीची दोन्ही ४८. पण `HARMEAN` सारख्याच रकमांसाठी आहे. हप्ते कमी-जास्त असतील तर तिसऱ्या ओळीसारखं एकूण रुपये भागिले एकूण युनिट हेच करा. ते कधीच चुकत नाही.

विकायची वेळ आली तर आणखी एक लक्षात ठेवा, कारण इथे सरासरीचा आकडा सरळ दिशाभूल करतो. आयकराच्या हिशेबात आपल्याकडे सरासरी किंमत धरतच नाहीत. जे युनिट आधी घेतले ते आधी विकले असं धरतात. समजा एनएव्ही ५० झाली आणि तुम्ही ९० युनिट विकले. ॲप म्हणेल, सरासरी ४८, विकले ५० ला, युनिटमागे दोन रुपये नफा. करासाठी मात्र हे ९० युनिट तुमच्या पहिल्या, ६० च्या हप्त्यातले. युनिटमागे दहा रुपये तोटा, एकूण ९०० रुपयांचा. हा तोटा नियमांत बसणाऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि पुढच्या वर्षांत न्यायचा असेल तर आयकराचं विवरणपत्र वेळेत भरावं लागतं. नफा-तोटा अल्पकालीन की दीर्घकालीन हे ठरवणारी एक वर्षाची मुदतही प्रत्येक हप्त्याची वेगळी मोजतात. विकण्याआधी फंडाकडून भांडवली नफ्याचं विवरणपत्र मागवा, त्यात प्रत्येक हप्त्याची ओळ वेगळी असते.

राहिला हप्ता दुप्पट करण्याचा प्रश्न. सरासरी ४८ आली म्हणून हप्ता वाढवावा असं ह्या गणितात काहीही नाही. तो प्रश्न हे पैसे तुम्हाला कधी लागणार ह्यावर ठरतो. छताचे पैसे दोन वर्षांत लागणार आहेत, तेव्हा ते इक्विटीत अजिबात टाकू नका. बँकेत मुदत ठेवीत ठेवा, दुरुस्तीच्या महिन्याच्या आधी मुदत संपेल अशी. पाऊस तोंडावर आलेला असताना एनएव्ही ४० वर असली तर छत बाजार चढायची वाट बघू शकत नाही. पेन्शनमधून घरखर्च, औषधपाणी आणि अडीनडीचे पैसे बाजूला काढून जे निदान सात-आठ वर्षं लागणार नाहीत असं तुम्हाला वाटतं, तेवढ्यातूनच हप्ता चालू द्या. ती रक्कम अशी ठेवा की भाव ४० वरून ३० वर आला तरी पुढच्या महिन्यात तेवढीच भरताना तुमचा हात अडणार नाही. ती सहा हजारच असेल तर सहा हजारच राहू द्या; दुप्पट केलीत आणि दोन महिन्यांनी बंद करावी लागली तर तुमचा हिशेब वरच्या त्या ५३ रुपयांच्या बाजूला जायला वेळ लागणार नाही.

एजंटला तुम्ही एवढंच विचारा: ‘ते दोन रुपये माझ्या खात्यात कुठे जमा झालेत, दाखवा.’ आणि त्याच बैठकीत हेही विचारून घ्या की हा फंड रेग्युलर, म्हणजे एजंटमार्फत घेतलेला, आहे की डायरेक्ट, म्हणजे थेट फंडाकडून घेतलेला, आणि रेग्युलर असेल तर दोन्हींच्या वार्षिक खर्चात किती टक्के फरक आहे. तो फरक दर वर्षी एनएव्हीतून कापला जातो, बाजार वर असो की खाली.